आधी राजा, मग प्यादं

बुद्धिबळाचं पुस्तक हातात आलं की मी आधी त्याचं पहिलं प्रकरण कशावर आहे ते पाहतो. नियम सांगून झाल्यावर लेखक लगेच सुरुवातीच्या चालींकडे वळला, म्हणजे चौथ्या पानावर इटालियन, सहाव्यावर रुय लोपेझ, दहाव्यावर सिसिलियन आणि प्रत्येकाच्या खाली दहा-बारा चालींची उतरंड, तर ते पुस्तक चाळिशीनंतर शिकायला बसलेल्या माणसासाठी नाही असं मी समजतो. ते वाईट असेलच असं नाही. पण ते ज्याला उपयोगी पडतं त्याला आधीच बरंच काही येत असतं.

हे मत पुस्तकं वाचून झालेलं नाही. ते अण्णांना शिकवताना झालं.

अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झाले. आमच्या औंढ्यात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या जरा आतल्या बाजूला त्यांचं घर आहे. लहानपणापासून ते बुद्धिबळ खेळतात, पण देशी पद्धतीनं. त्या खेळात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर जातं, राजाला एकदा, शह बसण्याआधी, घोड्याची उडी मारता येते, आणि आजचा किल्लेकोट नसतो. प्यादी अशी एकेक पाऊल चालत असल्यामुळे दोन्ही फौजा समोरासमोर यायला वेळ लागतो. तोपर्यंत दोघंही आपापल्या बाजूला निवांत मांडणी करत बसतात. अण्णांच्या भाषेत, आधी बांध घालून घ्यायचे, मग भांडायचं. अशा खेळात पहिल्या बारा चाली पाठ करण्याला अर्थच नसतो, कारण पहिल्या बारा चालींत भेटच होत नाही.

त्यांचा नातू संभाजीनगरला शिकतो आणि तिथे क्लासला जातो. एका सुट्टीत तो आला आणि त्यानं आजोबांना ओळीनं पाच डाव हरवलं, त्यातले तीन पंधरा चालींच्या आत. सहाव्या डावाला तो बसला नाही. आईला म्हणाला, आजोबांना ओपनिंगच येत नाही, मजा येत नाही. हे अण्णांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी गणिताचा शिक्षक, आणि शाळेत मुलांचे डाव लावतो एवढंच माझं भांडवल. ते म्हणाले, "गुरुजी, मला हे इंग्रजी खेळाचं पाठांतर करून द्या. पोरगं दिवाळीला येतंय. माझ्याशी खेळना झालंय ते."

पाठांतर करून द्यायला माझी हरकत नव्हती. अडचण मोजणीची होती. पांढऱ्याची पहिली चाल वीस प्रकारे होऊ शकते आणि काळ्याचं उत्तरही वीस प्रकारे, म्हणजे एकेका चालीनंतरच चारशे पट होतात. त्यातले निरर्थक सोडून दिले तरी चौथ्या-पाचव्या चालीपर्यंत इतक्या वाटा फुटतात की पाठ करणारा कुठल्या वाटेवर उभा असेल याचा नेम नाही. दहा वर्षांच्या मुलाला क्लासमध्ये तीच वाट रोज चालायला मिळते, समोरचाही त्याच क्लासचा असतो, म्हणून त्याचं पाठांतर टिकतं. सत्तरीच्या माणसाचं पाठांतर ज्या क्षणी समोरचा वेगळं काही खेळतो त्या क्षणी संपतं. आणि तिथून पुढे काय करायचं हे त्या उतरंडीत लिहिलेलं नसतं. हे ओळखायची सोपी खूण आहे: खेळणारा पहिल्या सात-आठ चाली झरझर खेळतो आणि नवव्या चालीला पटाकडे असं बघतो जणू तो आत्ताच तिथे आला आहे.

तेव्हा मी अण्णांसाठी जे पुस्तक काढलं ते १९२१ सालचं. होसे राउल कापाब्लांका त्याच वर्षी जगज्जेता झाला आणि त्याच वर्षी त्याचं ‘चेस फंडामेंटल्स’ आलं. त्याचा अनुक्रम पाहिला की नवशिक्याला आश्चर्य वाटतं. पहिल्याच प्रकरणात आधी साधे मात, म्हणजे एकट्या राजाला राजा आणि हत्ती मिळून कसं कोंडायचं. मग प्याद्याची बढती. मग नुसत्या प्याद्यांचे शेवट. मग डावाच्या मध्यातल्या काही जिंकत्या स्थिती, मोहऱ्यांची किंमत, आणि त्यानंतर कुठे सुरुवातीचं धोरण, तेही तत्त्व म्हणून, यादी म्हणून नाही. सुरुवात शेवटाकडून. पटावर तीनच मोहरी असली की प्रत्येक मोहऱ्याचं बळ दिसतं. बत्तीस असली की गर्दीच दिसते.

पुस्तकाची एक कटकट सांगून ठेवतो. जुन्या छापील प्रतींमध्ये चाली जुन्या इंग्रजी नोंदीत आहेत. त्या पद्धतीत घरं प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूनं मोजतो, म्हणून एकाच घराला पांढऱ्याचं एक नाव आणि काळ्याचं दुसरं. मोठ्या माणसाचा पहिला आठवडा यातच जातो आणि तो पुस्तक मिटतो. नव्या नोंदीतली आवृत्ती मिळत असेल तर तीच घ्यावी. नाहीतर मी केलं तसं एकानं वाचावं आणि दुसऱ्यासाठी वहीत उतरवावं. आजची नोंद सोपी आहे: पांढऱ्याच्या डावीकडून उभ्या पट्ट्या ए ते एच, आणि पांढऱ्याच्या बाजूनं आडव्या ओळी १ ते ८. अण्णांना हे समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. "गट नंबर आन् पोटहिस्सा," ते म्हणाले.

पहिले पंधरा दिवस आम्ही पटावर तीन मोहऱ्यांपेक्षा जास्त ठेवलीच नाहीत. त्यातला एक धडा इथे पूर्ण सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

पांढरा राजा ई५ वर, त्याचं प्यादं ई४ वर. काळा राजा ई७ वर. बाकी पट रिकामा. चाल पांढऱ्याची. प्यादं आठव्या ओळीत पोचलं की वजीर होणार, म्हणजे डाव पांढऱ्याचा. पोचेल का? पोचत नाही. दोन राजे मध्ये एक घर सोडून समोरासमोर उभे आहेत आणि हलायची पाळी पांढऱ्याची आहे. पांढरा राजा डी५ वर गेला तर काळा डी७ वर जाऊन पुन्हा समोर उभा राहतो. मग प्यादं ई५, काळा राजा ई७. प्यादं ई६, आणि आता काळ्यानं सरळ मागे ई८ वर जायचं, तिरकं नाही. पांढरा राजा डी६, काळा डी८. प्यादं ई७ शह, काळा राजा ई८. आता प्यादं राखायला पांढरा राजा ई६ वर आला तर काळ्याला शह नाही पण हलायला घरही नाही, म्हणजे डाव बरोबरीत. नाही आला तर प्यादं जातं. दोन्हीकडून बरोबरीच. मध्ये काळा राजा सरळ मागे न जाता डी८ वर गेला असता, तर पांढरा डी६ वर समोर उभा राहिला असता, आणि ई८, प्यादं ई७, राजा एफ७, राजा डी७ असं करत प्यादं वजीर झालं असतं. एका घराचा फरक.

आता तीच स्थिती, फक्त पांढरं प्यादं ई४ ऐवजी ई३ वर. राजे तिथेच, चाल पांढऱ्याचीच. पांढरा प्यादं एक घर पुढे सरकवतो, ई४. पट अगदी मघासारखाच झाला, पण पाळी आता काळ्याची आहे. काळ्याला समोरून हटावंच लागतं. तो डी७ वर गेला तर पांढरा राजा एफ६ वर घुसतो. काळा ई८, पांढरा ई६. राजा सहाव्या ओळीत, प्याद्याच्या पुढे, आणि समोर काळा राजा अडकलेला. काळा डी८ वर गेला तर पांढरा एफ७, एफ८ वर गेला तर डी७, आणि प्यादं निवांत चालत वजीर होतं.

अण्णांनी हे दोन्ही पट शेजारी मांडले. एका पटावर कागदाचे कपटे ठेवले होते, कारण माझ्याकडे दुसरा संच नव्हता. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "म्हणजे चाल करावी लागणं हीच शिक्षा?" हो. एरवी चाल हा हक्क असतो, इथे ती सक्ती आहे. आणि ज्याच्याकडे एक फुकटची चाल शिल्लक आहे तो ती सक्ती दुसऱ्यावर ढकलू शकतो. मागे ठेवलेलं प्यादं म्हणजे ती शिल्लक चाल. म्हणून आधी राजा पुढे, मग प्यादं. आपल्या सगळ्यांना सवय उलटी असते, प्यादं पुढे पळवायची.

यात पाठ करण्यासारखं काहीच नाही असा माझा दावा नाही. दोन-तीन स्थिती डोळ्यांसमोर राहाव्याच लागतात. पण त्या का राहतात हे सांगता येतं. अण्णा रात्री पटाशिवाय, बाजेवर पडून, सगळी चालरांग पुन्हा जुळवू शकत होते. कारण प्रत्येक चालीला त्यांच्याकडे "कामून" चं उत्तर होतं. बारा चालींच्या उतरंडीतली सातवी चाल विसरली तर ती जुळवता येत नाही.

मग वेळ किती द्यायचा? कापाब्लांकानं ज्याच्याकडून मुकुट घेतला तो इमॅन्युएल लास्कर सत्तावीस वर्षं जगज्जेता होता, आणि त्याच्या शिकवण्याच्या पुस्तकात त्यानं याचा चक्क हिशेब मांडला आहे. एकूण दोनशे तास. नियम आणि सराव पाच, साधे शेवट पाच, सुरुवातीच्या चाली दहा, मारामारीच्या युक्त्या वीस, स्थितीचा विचार चाळीस, आणि उरलेले एकशेवीस तास खेळणं आणि खेळलेलं तपासणं. सुरुवातीच्या चालींना दोनशेत दहा तास, म्हणजे विसावा हिस्सा. मी हे अण्णांना दाखवलं तेव्हा त्यांनी पेन्शनच्या पासबुकासारखं ते नीट वाचलं. आठवड्याला चार तास धरले तर पन्नास आठवडे होतात. दिवाळीला नऊ होते. "मग पिकंल तेवढं पिकंल," म्हणाले.

नऊ आठवड्यांत सुरुवातीला पूर्ण फाटा देता येत नव्हता. नातू पहिल्या चालीपासून खेळणार होता. आता प्रश्न असा की ज्याला शेवट कळतो त्याला कुठली सुरुवात शिकवावी, म्हणजे ती त्याला पाठ न करता समजेल. इथे मला जी वाट सापडली तिच्यामुळेच हा लेख लिहितो आहे.

नातू काळ्यानं रुय लोपेझची मुख्य वाट खेळतो हे अण्णांनी पाहिलं होतं. पांढऱ्याचं प्यादं ई४, काळ्याचं ई५. पांढरा घोडा एफ३ वर येऊन ई५ च्या प्याद्यावर डोळा ठेवतो, काळा घोडा सी६ वर येऊन ते राखतो. पांढरा उंट बी५ वर, त्या राखणदार घोड्यावर. काळा प्यादं ए६ ला सरकवून उंटाला विचारतो, जातोस की मारतोस? पाठांतरात उंट ए४ वर मागे जातो आणि पुढे आणखी दहा चाली ठरलेल्या असतात. त्या सगळ्या नातवाला येत होत्या. पण उंटानं घोडा मारला तर? काळा डी-प्याद्यानं उंट मारतो, आणि ठरलेली वाट चौथ्याच चालीला संपते.

इथे अण्णांचा पहिला सवाल रास्त होता. राखणदार घोडा गेला, तर आता ई५ चं प्यादं घोड्यानं मारू का? मी म्हटलं, मारा. मी काळा वजीर डी४ वर आणला. एकाच वेळी घोड्यावरही मार आणि ई४ च्या प्याद्यावरही. घोडा एफ३ वर परत, वजीर ई४ चं प्यादं शह देऊन मारतो, पांढरा वजीर ई२ वर मध्ये येतो, वजीरांची मारामारी होते. हिशेब बरोबर: प्याद्याला प्यादं. "मग बिघडलं काय?" अण्णा म्हणाले. मी त्यांना फक्त प्यादी मोजायला सांगितली, बाकी मोहरी उचलून बाजूला ठेवून.

मोजल्यावर हे दिसतं. ई५ मारायच्या भानगडीत पांढऱ्यानं आपलं ई-प्यादं घालवलं. राजाबाजूला आता दोघांची तीन-तीन, वजीरबाजूला चार-चार. पांढऱ्याकडे दाखवण्यासारखं काही नाही, आणि काळ्याकडे दोन्ही उंट शाबूत. आता दुसरी वाट. घोड्यानं प्यादं न मारता पाचव्या चालीला डी४. काळा ई-प्याद्यानं ते मारतो, पांढरा वजीरानं परत मारतो, वजीरांची मारामारी होते, घोडा डी४ वर येतो. सातच चाली. पुन्हा बाकी मोहरी उचला. पांढऱ्याकडे राजाबाजूला ई, एफ, जी, एच अशी चार प्यादी, काळ्याकडे एफ, जी, एच अशी तीन. वजीरबाजूला पांढऱ्याची तीन आणि काळ्याची चार, पण त्या चारांतली दोन सी-पट्टीत एकामागे एक. मागचं पुढच्याच्या पाठीशी उभं आहे, पण त्याला राखू शकत नाही आणि स्वतः पुढेही जाऊ शकत नाही. म्हणून काळ्याच्या चारांतून, पांढरा शांत उभा राहिला तर, मोकळं प्यादं निघत नाही. पांढऱ्याच्या चारांतून निघतं. ज्या पट्टीत समोर प्यादं नाही ते, म्हणजे ई-प्यादं, आधी पुढे, इतर त्याला राखत मागून.

अण्णा तलाठी होते हे इथे कामाला आलं. प्यादी मागे येत नाहीत म्हणून त्यांची रचना म्हणजे शिवारातले बांध, एवढं त्यांनी आधीच धरलं होतं. ते म्हणाले, "दोन भावांची जमीन सारखीच आहे, पण एकाची एकाच पट्टीत मागं-पुढं आली. बैलजोडी वळंना तिथं." मग त्यांनी स्वतःहून एक गोष्ट शोधली, जी मला सांगावी लागली नाही: काळ्याचं एक प्यादं सी५ वर असताना आपण बी४ खेळायचं नाही. कारण सी-प्याद्यानं ते मारलं की जोडप्यातलं एक शेजारच्या पट्टीत जातं आणि त्याची अडचण आपणच सोडवून देतो.

म्हणजे सुरुवातीची चौथी चाल का खेळायची याचं कारण पन्नासाव्या चालीत आहे. जो शेवट शिकला नाही त्याला उंट देऊन घोडा घेणं ही उगीच केलेली मारामारी वाटेल. रूबेन फाइननं १९४३ साली सुरुवातींमागच्या कल्पना सांगणारं एक नावाजलेलं पुस्तक लिहिलं. तेही मी पुढे वाचलं, पण नवशिक्या प्रौढाला ते पहिलं देऊ नये असंच मला वाटतं. कल्पना कळायला आधी प्याद्यांची भाषा यावी लागते.

ही वाट फसवी सोपी आहे, आणि ते न सांगणं बरं नव्हे. बाकी मोहरी उचलून ठेवणं पटावर होत नाही, ती एकेक करून बदलावी लागतात, आणि काळा त्याला तयार असेलच असं नाही. काळ्याकडे दोन उंट आहेत. मोकळ्या पटावर दोन उंट मिळून दोन्ही रंगांच्या घरांवर मारा करतात आणि पांढऱ्याची प्यादी पुढे सरकण्याआधीच त्याला दमवतात. म्हणून बरेच जाणकार पाचव्या चालीला डी४ न खेळता किल्लेकोट करतात. त्यानंतर ई५ च्या प्याद्यावरचा मार खरा होतो, कारण आता काळ्या वजीरानं ई४ मारलं तर पांढरा हत्ती ई१ वर येऊन त्याला राजासमोरच गाठतो. बॉबी फिशरनं १९६६ च्या हवाना ऑलिम्पियाडमध्ये हीच वाट वापरली होती. अण्णांना मी डी४ च ठेवलं. त्यांना लवकर वजीर संपवायचे होते. वजीर असेपर्यंत नातू त्यांना मारामारीत गाठतो हे त्यांना पाच डावांत कळलं होतं.

या चालीची सगळ्यात गाजलेली गंमत मात्र कापाब्लांकाच्याच अंगावर आलेली. १९१४ साली सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत तो पुढे होता, आणि लास्करला त्याच्याविरुद्ध जिंकणं भाग होतं. जिंकायचं असताना लास्करनं हीच वाट घेतली: उंटानं घोडा, डी४, सातव्या चालीपर्यंत वजीर गायब. लोकांना वाटलं हा बरोबरीला तयार झाला. मग बाराव्या चालीला त्यानं एफ-प्यादं एफ५ वर ढकललं. पुस्तकी नियमानं ही चाल वाईट. ई४ चं प्यादं मागे पडतं आणि ई५ चं घर काळ्याला मिळतं, म्हणजे ज्या चार प्याद्यांच्या जोरावर डाव घेतला तीच पांढऱ्यानं अडकवून टाकली. पण त्याबरोबर ई६ चं घर पांढऱ्या घोड्यासाठी तयार झालं. घोडा तिथे जाऊन बसला आणि काळ्याचा सगळा डाव त्याच्याभोवती गुदमरला. लास्कर डाव जिंकला, आणि शेवटी स्पर्धाही अर्ध्या गुणानं.

हा डाव मी अण्णांना दाखवला. आम्ही त्यावर दोन संध्याकाळी घालवल्या. त्यांना पहिल्यांदा राग आला: "चारास तीन म्हणून शिकविलं आन् आता तेच मोडून दाखविता?" त्यांचा राग बरोबर होता. कल्पना शिकवणाऱ्या पुस्तकांची ही खरी अडचण आहे. कल्पना हळूहळू नियम बनते आणि मोठा माणूस नियमाला फार लवकर शरण जातो. यावर एकच उपाय मला ठाऊक आहे, आणि तो म्हणजे प्रत्येक चालीला विचारणं की हिनं काय मिळालं आणि काय दिलं. लास्करनं ई५ दिलं आणि ई६ घेतलं. घोडा ई६ वरून हाकलता आला असता तर सौदा तोट्याचा ठरला असता. कापाब्लांकाला तो वेळेत हाकलता आला नाही.

या सवयीसाठी आयर्विंग चेर्नेवचं १९५७ चं ‘लॉजिकल चेस’ मला फार उपयोगी पडलं. त्यात तेहतीस डाव आहेत आणि प्रत्येक डावातल्या प्रत्येक चालीचं कारण दिलं आहे, अगदी पहिल्या चालीचंही. तेच प्यादं पुन्हा पुढे आलं तरी तो पुन्हा सांगतो. हुशार मुलांना याचा कंटाळा येतो. मोठ्या माणसाला येत नाही, कारण तो मधल्या तीन दिवसांत सोयाबीन, लग्न आणि दवाखाना करून आलेला असतो. मात्र चेर्नेव जिंकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो, म्हणून सगळं फार सरळ दिसतं. वाचताना हरणाऱ्याच्या बाजूला पुठ्ठा धरावा, त्याची पुढची चाल स्वतः शोधावी आणि मग पुठ्ठा काढावा. नुसतं वाचत गेलं तर आपल्याला सगळं समजतं आहे असं वाटत राहतं. त्या वाटण्याची परीक्षा सोपी आहे: धड्यातली स्थिती मांडा, पुस्तक मिटा, आणि शेजाऱ्याला समोर बसवून खेळून दाखवा. पुस्तकात न दिलेली पहिली चाल शेजारी खेळला की कळतं.

आणि हेही खरं की यातलं काहीही तुमचा घोडा फुकट जाण्यापासून वाचवत नाही. अण्णांचा निम्मा वेळ त्यातच गेला. समोरच्याच्या चालीनंतर पट तीन सेकंद पाहायचा, काय कशावर आलं आहे ते मोजायचं, मगच हात उचलायचा. एकदा हत्ती गमावल्यावर ते वैतागून म्हणाले, "नामदेवासाठी अख्खं देऊळ फिरलं इथं, आन् माझ्यानं ह्यो हत्ती फिरंना." तो डाव तिथेच थांबवून आम्ही चहा घेतला.

देशी खेळातून आलेला माणूस या अभ्यासात मागे असतो असं मात्र मला दिसलं नाही. मीर सुलतान खान देशी नियमांवर वाढला. १९२९ साली तो विलायतेत गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला, पुढे १९३२ आणि १९३३ सालीही. सुरुवातीत त्याला तिथले खेळाडू कच्चा समजत. मधला डाव आणि शेवट इतका पक्का की हेस्टिंग्जला त्यानं कापाब्लांकालाही हरवलं. अण्णांचंही थोड्या प्रमाणात तसंच होतं. घाई न करणं आणि राजाला भिऊन न ठेवणं ही दोन्ही त्यांना आधीपासून येत होती. शेवटात राजा हा लढणारा मोहरा आहे हे इंग्रजी पद्धतीनं शिकलेल्या मुलांना मला घसा फोडून सांगावं लागतं.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी नातू बसला. मी भिंतीशी खुर्ची घेऊन होतो. आजोबांनी चौथ्या चालीला घोडा मारला तेव्हा पोराचा हात ज्या चालीसाठी आधीच उचलला होता तो हवेत थांबला. मग त्यानं डी-प्याद्यानं मारलं, आणि वजीर संपेपर्यंत त्याच्या तोंडावर काही नव्हतं. पुढे तो एकामागून एक मोहरी बदलत गेला. मुलांना मोहरी बदलणं म्हणजे सुरक्षित वाटतं. दोन्ही उंट त्यानं घोड्यांना देऊन टाकले. अण्णांनी प्रत्येक बदल घेण्याआधी बोटानं प्यादी मोजली. ते मोजणं पोराला हास्यास्पद वाटत होतं.

सगळं काही पुस्तकासारखं झालं नाही. अण्णांनी ई-प्यादं फार लवकर ढकललं आणि ते जवळजवळ गेलंच होतं. ते वाचवायच्या गडबडीत वजीरबाजूची सगळी प्यादी दोन्हीकडून संपली, मग राजाबाजूचीही एकेक. शेवटी पटावर तीनच मोहरी उरली. पांढरा राजा एफ५ वर, काळा राजा एफ७ वर, आणि अण्णांचं एक प्यादं एफ३ वर. पाळी अण्णांची. आमचाच धडा, फक्त एक पट्टी शेजारी.

पोरगं हात मागे घेऊन बसलं. त्याच्या मते बरोबरी झाली होती: राजा समोर उभा आहे, मी हलत नाही. अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला, पुन्हा लावला आणि प्यादं एक घर सरकवलं, एफ४. मग पोराला हलावं लागलं. राजा ई७, अण्णा जी६. राजा एफ८, अण्णा एफ६. राजा ई८, अण्णा जी७. इथे पोरानं पट पाहिला, वर आजोबांकडे पाहिलं, आणि राजा आडवा न करता प्यादं उचलून परत एफ४ वर ठेवलं, राजे एफ५ आणि एफ७ वर मांडले. "आणि हे इथंच असतं तर? चाल तुमची," म्हणाला. अण्णांनी त्याला दाखवलं: राजा जी५, तू जी७. प्यादं एफ५, तू एफ७. प्यादं एफ६, तू सरळ मागं एफ८. पोरानं मधेच आडवून विचारलं, तिरकं का नाही? आणि मग त्या दोघांनी जेवणाचं बोलावणं येईपर्यंत तेच पट तीन-चार वेळा, बाजू बदलून खेळले.

उन्हाळ्यात तो परत आला तेव्हा पाचव्या चालीच्या डी४ ला त्यानं तसंच मारलं, वजीर तसेच बदलले, पण दोन्ही उंट मात्र शेवटपर्यंत सोडले नाहीत. अण्णा एकतीस चालींत हरले. सध्या आम्ही दोन उंटांविरुद्ध घोडा कुठं बसवायचा ते पाहतो आहोत. कापाब्लांकाच्या पुस्तकात उंट आणि घोडा यांची तुलना आहे, ती वहीत उतरवायला घेतली आहे.